हातकागदाचा कंदील: दुसरी खेप आणि प्रतीक्षा यादी

सणासाठी केलेल्या हातकागदाच्या कंदिलाची पहिली खेप 4 दिवसांत संपली. आपण दिलेल्या प्रतिसादाबद्दल आम्ही मनापासून कृतज्ञ आहोत आणि ज्यांना कंदील मिळाला नाही त्यांची क्षमा मागतो.

दुसऱ्या खेपेचे काम सुरू झाले असून त्यात 150 कंदील असतील. बांबूच्या कामट्या वाकवून सांगाडा बांधल्यावर त्यावर चिकटवलेला कागद सावलीतच सावकाश वाळवावा लागतो, कारण उन्हात घाईने वाळवल्यास तो ओढला जाऊन सांध्यापाशी फाटतो. म्हणून ही खेप तयार होण्यास 18 दिवस लागतील, आणि सणाच्या किमान आठवडाभर आधी कंदील आपल्या हाती पडेल असे नियोजन आम्ही केले आहे.

प्रतीक्षा यादीत नाव नोंदवताना आगाऊ रक्कम घेतली जाणार नाही. नोंदणीच्या क्रमानेच संदेश पाठवला जाईल आणि त्यानंतर 48 तास एक कंदील आपल्यासाठी राखून ठेवला जाईल. आपला क्रमांक 150 च्या पुढे असल्यास तसे नोंदणीच्या वेळीच स्पष्ट कळवू. कोणालाही खोट्या आशेवर ताटकळत ठेवणे आम्हाला मान्य नाही.