गंगापूर रोडवरील हॉटेलात एकाच बिलाचे दोनदा कापलेले ₹4,862 परत मिळण्याबाबत

दिनांक : 8 डिसेंबर 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
कॉलेज रोड शाखा, नाशिक – 422005

प्रत : डेबिट कार्ड तक्रार विभाग, मुख्य कार्यालय

विषय : दि. 22 नोव्हेंबर 2025 रोजी डेबिट कार्डावरून एकाच बिलापोटी दोनदा वजा झालेली रक्कम परत जमा करणे, विलंबाची भरपाई देणे आणि हप्ता परत गेल्याचा आकार रद्द करणे.

संदर्भ : ग्राहक सेवा तक्रार क्र. 2511230068, दि. 23 नोव्हेंबर 2025 (1 डिसेंबर रोजी बंद केलेली)

महोदय,

माझे आपल्या शाखेत बचत खाते आहे. खात्याचे शेवटचे चार अंक 4471 आणि त्यावरील रूपे डेबिट कार्डाचे शेवटचे चार अंक 9036. पूर्ण क्रमांक कागदावर लिहू नये असे बँकच सांगते, म्हणून लिहिलेले नाहीत. खातेपुस्तकाच्या पानाची झेरॉक्स जोडली आहे, त्यावरून खाते लगेच सापडेल.

शनिवार, 22 नोव्हेंबरला आईची पंच्याहत्तरी होती. घरची अकरा माणसे गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात जेवायला गेलो. हॉटेलचे नाव सोबतच्या बिलावर आहे. जेवणाचे ₹4,630, त्यावर पाच टक्के जीएसटी ₹231.50, पूर्णांकात बिल झाले ₹4,862. ते मी काउंटरवर जाऊन कार्डाने भरले. पुढचा घोळ त्या काउंटरवर चार-पाच मिनिटांत झाला, म्हणून तेवढे सविस्तर लिहिते.

कार्ड मशीनमध्ये घातले, पिन टाकला. पडद्यावर बराच वेळ गोल फिरत राहिला आणि मग कनेक्शन तुटल्याचा संदेश आला. पावतीचा कागद बाहेर आलाच नाही. हॉटेल तळघरात आहे, तिथे रेंज जेमतेम असते. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, ‘‘ताई, झालं नाही, परत एकदा करू.’’ ते मशीन घेऊन जिन्यापर्यंत गेले, मी मागोमाग गेले, तिथे पुन्हा कार्ड घातले, पुन्हा पिन टाकला. या वेळी पावती निघाली. त्यावर वेळ 21:51 आणि मंजुरी क्रमांक 071842 आहे. माझ्या मोबाइललाही आत रेंज नव्हती. पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना दोन मेसेज एकामागोमाग आले, दोन्ही ₹4,862 वजा झाल्याचे. पहिल्यात वेळ 21:47, दुसऱ्यात 21:51. तिथूनच परत आत गेले. त्यांनी मशीन तपासून सांगितले, ‘‘आमच्याकडे एकच दिसतंय, दुसरे दोन-तीन दिवसांत आपोआप परत येतील.’’

आले नाहीत. आज सतरा दिवसांत खाते रोज पाहते आहे.

दोन्ही नोंदींचे आरआरएन मोबाइल अ‍ॅपमधून काढले आहेत. पहिल्या, म्हणजे पावती न निघालेल्या व्यवहाराचा 532621004318. दुसऱ्या, बरोबर झालेल्या व्यवहाराचा 532621004327. माझी तक्रार फक्त पहिल्याबद्दल आहे. दुसरा व्यवहार मला मान्य आहे, ते पैसे हॉटेलचेच आहेत. दोन्ही वेळा पिन मीच टाकला, कार्ड माझ्याच हातात होते. त्यामुळे हे फसवणुकीचे प्रकरण समजून कार्ड बंद करण्याची किंवा पोलिसांचा दाखला मागण्याची गरज नाही.

रविवारी 23 तारखेला सकाळी ग्राहक सेवा केंद्रात फोन करून तक्रार नोंदवली. सोमवारी 24 तारखेला अर्धी रजा काढून आधी हॉटेलात आणि मग आपल्या शाखेत आले. हॉटेलच्या मॅनेजरांनी सहकार्य केले, हे मुद्दाम नमूद करते. त्यांनी 22 तारखेचा मशीनचा सेटलमेंट रिपोर्ट काढून दाखवला. त्या रात्री 9036 वर संपणाऱ्या कार्डाची एकच नोंद आहे, 21:51 ची. त्यांच्या बँकेने त्यांच्या खात्यात जमा केलेल्या रकमेतही ती एकदाच आहे. तसे त्यांनी लेटरहेडवर लिहून, सही-शिक्का करून दिले. ते पत्र आणि रिपोर्टची प्रत जोडली आहे. त्याच दिवशी शाखेत काउंटरवर हे कागद दाखवले, तेव्हा ‘‘तक्रार ऑनलाइन झालीय ना, मग वाट पाहा’’ एवढेच उत्तर मिळाले आणि कागद घेतले नाहीत.

आणि 1 डिसेंबरला मेसेज आला की व्यवहार आमच्या नोंदीप्रमाणे यशस्वी आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे, व्यापाऱ्याशी संपर्क साधावा.

हे उत्तर मला मान्य नाही. मी ओझरजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये हिशेब पाहते. महिनाअखेरीला बँकेचे पान आणि आमची खतावणी यांचा ताळा घालणे हे माझे नेहमीचे काम आहे. खात्यातून पैसे गेले याचा अर्थ ते समोरच्याला पोहोचले असा होत नाही, आणि आपल्या विभागाने पाहिले ते फक्त गेले की नाही एवढेच. पहिल्या वेळी माझ्या बँकेने मंजुरी दिली, रक्कम वजा केली, पण ती मंजुरी मशीनपर्यंत पोहोचण्याआधी लाइन तुटली. मशीनसाठी तो व्यवहार झालाच नाही, म्हणून दिवसअखेरीच्या सेटलमेंटमध्ये तो गेला नाही. तसे असेल तर माझे ₹4,862 हॉटेलकडे नाहीत, त्यांच्या बँकेकडेही नाहीत, आपल्याच बँकेत कुठल्यातरी अंतर्गत खात्यात पडून आहेत. ती रक्कम परत करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

समजा माझा अंदाज चुकला आणि हॉटेलच्या बँकेने 532621004318 वरही पैसे मागून घेतले असतील. तर तो एकाच बिलाचा दुबार दावा ठरतो आणि त्यासाठी चार्जबॅक आपल्यालाच करावा लागेल. हॉटेलला ते करता येत नाही, मलाही नाही. कार्ड आपल्या बँकेने दिले आहे, त्यामुळे दोन्ही परिस्थितींत पुढचे पाऊल आपल्याच विभागाने टाकायचे आहे. मला परत हॉटेलकडे पाठवून काहीही निष्पन्न होणार नाही. त्यांच्याकडे परत द्यायला काही आलेलेच नाही, हे त्यांनी लेखी दिले आहे.

रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात अशाच प्रसंगाची मुदत ठरवली आहे. कार्डाने दुकानात पैसे भरताना खात्यातून रक्कम गेली, पण दुकानात खात्री पोहोचली नाही, म्हणजे चार्जस्लिप निघाली नाही, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत रक्कम आपोआप परत जमा झाली पाहिजे. पाच दिवस कॅलेंडरचे. त्यानंतर रोज ₹100 भरपाई, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. माझ्या बाबतीत ही मुदत 27 नोव्हेंबरला संपली. 28 नोव्हेंबरपासून आजपर्यंत अकरा दिवस होतात, म्हणजे आजअखेर ₹1,100. रक्कम जमा होईल त्या दिवसापर्यंत हा आकडा वाढवून धरावा.

आता ज्या गोष्टीने मला खरा त्रास झाला ती सांगते. मुलीच्या शैक्षणिक कर्जाचा ₹6,150 चा हप्ता दर महिन्याच्या 28 तारखेला या खात्यातून एनएसीएचने दुसऱ्या बँकेकडे जातो. तीन वर्षांत एकदाही चुकलेला नाही. माझा पगार एक तारखेला होतो, म्हणून हप्त्यापुरते पैसे महिनाभर बाजूला ठेवूनच मी खर्च करते. हॉटेलात जाण्याआधी खात्यात ₹14,310 होते. दोनदा कपात होऊन ₹4,586 राहिले. 25 तारखेला विजेचे ₹1,340 गेले, शिल्लक ₹3,246. शुक्रवारी 28 तारखेला हप्ता परत गेला आणि 29 तारखेला आपल्याच बँकेने त्याचे ₹295 कापले. ₹4,862 नियमाप्रमाणे 27 तारखेपर्यंत परत आले असते, तर त्या सकाळी खात्यात ₹8,108 असते आणि हप्ता विनासायास गेला असता. हप्ता मी 1 डिसेंबरला पगार झाल्याबरोबर स्वतः जाऊन भरला. पण कर्ज मुलीच्या नावावर आहे. तिचे शिक्षण नुकतेच संपले असून ती नोकरी शोधते आहे. अशा वेळी तिच्या नावापुढे हप्ता थकल्याची नोंद लागावी आणि त्यात तिची किंवा माझी काहीही चूक नसावी, हे मला सहन होत नाही. आईला यातले काही सांगितलेले नाही. तिच्या पंच्याहत्तरीच्या जेवणावरून हे सुरू झाले हे कळले, तर ती पुढच्या वेळी बाहेर जेवायलाच येणार नाही.

तरी माझी विनंती अशी की तक्रार पुन्हा उघडून आरआरएन 532621004318 ची सेटलमेंटची नोंद तपासावी आणि ₹4,862 माझ्या खात्यात 22 नोव्हेंबरच्या तारखेच्या परिणामाने जमा करावेत. सोबत जमा होईपर्यंतची प्रतिदिन ₹100 भरपाई द्यावी. 29 नोव्हेंबरचे ₹295 परत करावेत. आणि हप्ता परत जाण्यास बँकेकडील प्रलंबित रक्कम कारणीभूत होती असे पत्र आपल्या सहीने द्यावे. ते मला कर्ज देणाऱ्या बँकेला दाखवायचे आहे. पैशांपेक्षाही मला हे पत्र लवकर हवे आहे. ते या आठवड्यात मिळाले तर बरे होईल.

मागणी नाकारायची असेल तर कृपया ‘यशस्वी व्यवहार’ एवढ्या दोन शब्दांवर नाकारू नये. हॉटेलच्या बँकेने त्या आरआरएनवर कोणत्या तारखेला किती रक्कम मागितली आणि आपण ती कधी दिली, हे लेखी कळवावे. हॉटेलच्या सही-शिक्क्याच्या पत्राच्या विरुद्ध जाणारा तेवढा एकच पुरावा असू शकतो.

23 नोव्हेंबरच्या तक्रारीला 23 डिसेंबरला तीस दिवस पूर्ण होतात. तोवर निकाल न लागल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे cms.rbi.org.in वर तक्रार दाखल करीन. ते करायची वेळ येऊ नये असे मनापासून वाटते. या शाखेत माझे खाते एकोणीस वर्षे आहे आणि माझ्या वडिलांचेही इथेच होते.

सोबत हॉटेलचे बिल, 21:51 ची चार्जस्लिप, दोन्ही मेसेजचे छापील फोटो, खातेपुस्तकाचे पान, हॉटेलचे पत्र व सेटलमेंट रिपोर्ट आणि तक्रार बंद केल्याचा मेसेज जोडला आहे. चार्जस्लिपवरची शाई आताच फिकी पडू लागली आहे, म्हणून 24 तारखेलाच काढलेली झेरॉक्स दिली आहे. मूळ पावती माझ्याकडे आहे, मागाल तेव्हा आणून दाखवीन. या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आजच्या तारखेची पोच आणि शिक्का द्यावा ही विनंती. संपर्कासाठी खात्याला जोडलेला मोबाइल नंबरच वापरावा. कामाच्या वेळेत फोन उचलता आला नाही, तर संध्याकाळी सहानंतर मी उपलब्ध असते.

आपली विश्वासू,

(सही)
सुनंदा प्रकाश आहेर
इंदिरानगर, नाशिक – 422009