असाइनमेंट २ : प्रकल्प अ, ब आणि क यांची एनपीव्ही व आयआरआरवरून तुलना

विषय : वित्तीय व्यवस्थापन, घटक : भांडवली खर्चाचे निर्णय

दिलेली माहिती. पॅकेजिंगचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीपुढे दोन पर्याय आहेत. प्रकल्प अ म्हणजे जुन्या लाइनची सुधारणा. तिचा फायदा पहिल्याच वर्षी दिसतो आणि मग ओसरत जातो. प्रकल्प ब म्हणजे नवी लाइन. ती हळूहळू पूर्ण क्षमतेला येते आणि चौथ्या वर्षाच्या रकमेत यंत्रांची विक्रीकिंमतही धरलेली आहे. जागा एकच असल्याने दोन्हींपैकी एकच घेता येईल. भांडवलाचा खर्च १० टक्के. सर्व रकमा लाखांत, कर वजा जाता.

| वर्ष | प्रकल्प अ | प्रकल्प ब | १०% चा गुणक | अ चे वर्तमान मूल्य | ब चे वर्तमान मूल्य |
|---|---|---|---|---|---|
| ० | −१०० | −१०० | १.०००० | −१००.०० | −१००.०० |
| १ | ५५ | १० | ०.९०९१ | ५०.०० | ९.०९ |
| २ | ४० | २५ | ०.८२६४ | ३३.०६ | २०.६६ |
| ३ | ३० | ४५ | ०.७५१३ | २२.५४ | ३३.८१ |
| ४ | १५ | ८० | ०.६८३० | १०.२५ | ५४.६४ |
| एनपीव्ही | | | | १५.८५ | १८.२० |

(१) एनपीव्ही. दोन्ही प्रकल्पांची एनपीव्ही शून्यापेक्षा जास्त आहे, म्हणजे दोन्ही स्वतंत्रपणे घेण्याजोगे आहेत. एकच निवडायचा तर ब २.३५ लाखांनी पुढे आहे.

हाताने केलेले गणित एक्सेलवर ताडून पाहताना माझे अ चे उत्तर आधी सुमारे १४.४ येत होते. कारण सापडायला बराच वेळ गेला. एक्सेलचे `NPV` हे फंक्शन पहिली रक्कम आजची नाही, तर एका वर्षानंतरची धरते. सुरुवातीची गुंतवणूक कंसात घातली की सगळे प्रवाह एक वर्ष पुढे ढकलले जातात आणि उत्तर १.१० ने भागले जाते (१५.८५ ÷ १.१० ≈ १४.४). म्हणून शून्याव्या वर्षाची रक्कम बाहेर ठेवून मिळवावी लागते. `IRR` ला मात्र ती आतच द्यायची असते :

```
=NPV(10%,C2:F2)+B2
=IRR(B2:F2)
```

(२) आयआरआर. ज्या दराला एनपीव्ही शून्य होते तो दर काढायचा आहे. चार वर्षांच्या प्रवाहांसाठी सरळ सूत्राचा उपयोग होत नाही, म्हणून अंदाजाने दोन दर घेऊन त्यांच्यामध्ये प्रमाणाने दर शोधला.

अ : १८ टक्क्यांना एनपीव्ही १.३३, १९ टक्क्यांना −०.२५.
आयआरआर = १८ + १.३३ ÷ (१.३३ + ०.२५) = १८.८४ टक्के.

ब : १६ टक्क्यांना ०.२१, १७ टक्क्यांना −२.४०.
आयआरआर = १६ + ०.२१ ÷ (०.२१ + २.४०) = १६.०८ टक्के.

दोन्ही दर १० टक्क्यांच्या वर आहेत, पण क्रम उलटला आहे. आयआरआर अ कडे बोट दाखवते, एनपीव्ही ब कडे.

(३) हा विरोध का आला? गुंतवणूक सारखीच आहे, फरक आहे तो पैसे हाती येण्याच्या वेळेत. अ चे पैसे लवकर सुटे होतात. आयआरआरवरून क्रम लावताना आपण नकळत असे धरतो की हे सुटे झालेले ५५ लाख पुन्हा १८.८४ टक्क्यांनीच गुंतवले जातील. कंपनीकडे तसा दुसरा प्रकल्प असल्याचे प्रश्नात कुठेही म्हटलेले नाही. भांडवलाचा खर्च १० टक्के असताना मधले पैसे १० टक्क्यांनी गुंततील असे मानणेच मला रास्त वाटते.

ते मानून सुधारित आयआरआर काढली. अ चे सर्व प्रवाह १० टक्क्यांनी चौथ्या वर्षापर्यंत नेले तर १६९.६१ होतात आणि ब चे १७३.०६. शंभरावरून चार वर्षांत तिथे पोहोचण्याचा वार्षिक दर अ साठी १४.१२ टक्के आणि ब साठी १४.७० टक्के येतो. आता दरानेही ब च पुढे आहे.

यानंतर दोघांचा छेददर पाहिला. ब मधून अ वजा केल्यास ०, −४५, −१५, १५, ६५ असे प्रवाह उरतात आणि त्यांची आयआरआर सुमारे ११.९ टक्के आहे. याचा अर्थ अ सोडून ब घेणे म्हणजे पहिल्या दोन वर्षांतले ६० लाख पुढे ढकलून त्यावर ११.९ टक्के मिळवणे. भांडवल १० टक्क्यांना पडत असेल तर हा सौदा परवडतो. ताळा म्हणून १२ टक्क्यांना पाहिले, तर अ ११.८८ आणि ब ११.७३, म्हणजे अ किंचित पुढे गेला. १४ टक्क्यांना अ ८.१५ आणि ब ५.७५.

(४) निवड. दिलेल्या १० टक्क्यांना प्रकल्प ब घ्यावा. पण इथे थांबलो तर उत्तर अर्धेच राहील, कारण ब ची आघाडी फार बारीक आहे आणि ती जवळजवळ पूर्णपणे चौथ्या वर्षाच्या ८० लाखांवर उभी आहे. २.३५ ला ०.६८३० ने भागले तर ३.४४ येतात. म्हणजे चौथ्या वर्षी ८० ऐवजी ७६.५६ लाख मिळाले, तरी दोन्ही प्रकल्प बरोबरीत येतात. ही घट अवघी ४.३ टक्के आहे, आणि त्या रकमेत यंत्रांची विक्रीकिंमत आहे, जिचा अंदाज चार वर्षे आधी बांधलेला आहे. मी निर्णय घेणाऱ्याच्या जागी असतो तर सही करण्याआधी फक्त या एका आकड्याचा आधार मागितला असता. ब तोट्यात मात्र सहज जाणार नाही : त्यासाठी चौथ्या वर्षाची रक्कम ५३ लाखांच्या आसपास घसरावी लागेल.

(५) प्रकल्प क. हा स्वतंत्र प्रकल्प आहे : खडीची खाण. आज १०० लाख गुंतवायचे, एका वर्षाने २६० लाख मिळतात आणि दुसऱ्या वर्षी जमीन पूर्ववत करायला १६८ लाख खर्च येतो. चिन्ह दोनदा बदलते, म्हणून एकाहून जास्त उत्तरांची शक्यता तपासणे भाग आहे. (१ + दर) ला `x` म्हटले तर

```
100x² − 260x + 168 = 0
x = (260 ± 20) / 200  →  1.20, 1.40
```

आयआरआर २० टक्केही आहे आणि ४० टक्केही. एक्सेलला सुरुवातीचा अंदाज काही दिला नाही तर ते २० टक्के दाखवते. `=IRR(B4:D4,0.5)` दिले की ४०. दोन्ही आकडे १० टक्क्यांहून मोठे दिसतात, त्यामुळे नुसत्या आयआरआरवर विसंबणारा हा प्रकल्प डोळे झाकून मंजूर करील. १० टक्क्यांना एनपीव्ही मात्र −१०० + २३६.३६ − १३८.८४ = −२.४८ आहे. सवलत दर शून्य धरला तरी बेरीज −८ येते, म्हणजे खाणीतून मिळते त्याहून जास्त गुंतवणूक आणि जमीन भरण्यात मिळून जाते. ३० टक्क्यांना मात्र एनपीव्ही ०.५९ अशी धन होते, कारण दर वाढला की दोन वर्षांनी येणारा १६८ लाखांचा खर्च आजच्या हिशोबात हलका होत जातो. तो हलका दिसणे हे दराचे काम आहे. खर्च १६८ लाखच राहतो. १० टक्के भांडवलखर्चाला प्रकल्प क नाकारावा.