विषय: घरची वीज आणि इंटरनेट बंद, आज-उद्याच्या (१८ व १९ जुलै) कामाची सोय

सुजाता मॅडम,

काल रात्री पावणेबाराला देवरुखला आमच्या वाडीतली लाइट गेली, ती अजून आलेली नाही. वाऱ्यापावसात फणस लाइनवर पडला आणि तीन खांब मोडले. फायबरची केबलही त्याच खांबांवरून येते, त्यामुळे नेटही गेलं. सकाळी वायरमनला गाठलं. उद्या संध्याकाळपर्यंत तरी आशा धरू नका, असं तो म्हणाला. घरात मोबाइलला रेंज नाही. हा मेल सड्यावर येऊन पाठवतोय.

परवा २० तारीख, म्हणून आधी ३बी चं सांगतो. माझ्याकडच्या अकरापैकी सात क्लायंटची रिटर्न भरून झाली, चार उरली आहेत. चौघांचीही टूबी मी १५ तारखेलाच डाउनलोड करून ठेवली होती, त्यामुळे आयटीसीची जुळवणी नेटशिवाय होईल. अडचण फायलिंगची आहे. मधेच रेंज गेली आणि पंधरा मिनिटं काही हालचाल झाली नाही, की पोर्टल बाहेर काढतं. मग पुन्हा लॉगिन आणि क्लायंटकडे पुन्हा ओटीपी मागणं. ते सड्यावर उभं राहून करण्यात अर्थ नाही.

म्हणून आज आणि उद्या मी संगमेश्वरला मामांच्या मेडिकलमध्ये बसेन. तिथली लाइट चालू आहे, मामांना फोन करून खात्री केली. नेट माझ्याच फोनच्या हॉटस्पॉटवरून घेईन. दुकानाच्या वायफायवर क्लायंटचे पासवर्ड टाकणार नाही.

सकाळी साडेदहापर्यंत मी घरी इन्व्हर्टरवर जुळवणी करतोय. तेवढा वेळ फोन लागणार नाही. त्यानंतर एसटीत असेन. साडेअकरा ते साडेपाच मी पूर्ण ऑनलाइन आहे: फोन, मेल, मीटिंग सगळं चालेल. रोजची दहाची मीटिंग चुकेल, ती बाराला घेता आली तर बरं होईल. साडेपाचनंतर परतीची गाडी. रात्री आठला पुन्हा सड्यावर येऊन मेसेज बघेन. उद्याही हेच वेळापत्रक.

एक विनंती आहे. चौघांपैकी हार्डवेअरवाले आणि ट्रान्सपोर्टवाले यांचा कर मोठा आहे. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी लागेल, ती एक वेळ सोसेल, पण १८ टक्के व्याज त्यांनी आपल्यामुळे का भरावं? या दोघांची फाइल आज दुपारी दोनपर्यंत शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतो. उद्या दुपारी एकपर्यंत माझ्याकडून फाइल झाल्याचा मेसेज आला नाही, तर पुण्याहून स्नेहलने ती भरावीत. तिला तुम्ही सांगून ठेवाल का? ओटीपीसाठी दोन्ही मालकांना मी साडेअकराला फोन करून स्नेहलचं नाव कळवतो. उरलेली दोन लहान आहेत, ती आज मीच भरतो.

तुमचं उत्तर मी संगमेश्वरला पोचल्यावर वाचेन. काही बदल हवा असेल तर तेव्हाच फोन करा.

अमेय