लाल चौकट

मुरबाडकडच्या एका पाड्यावर आशाताई सकाळी टीबीच्या गोळ्या द्यायला गेली तर म्हातारबाबा तोंडच उघडेनात. सूनबाईने स्ट्रिप पुढे केली, मागे लाल चौकटीत इंग्लिश सूचना, सोबतच्या कागदावर पेनाने लिहिलेलं: ‘हे औषध घेणे धोकादायक आहे.’ दहावीतल्या नातवाने इंग्लिशचं मराठी केलेलं, आणि पोरगं हुशार, त्यामुळे घरात त्याचाच शब्द.

“ताई, सरकार फुकट देतं ते असलंच,” सून म्हणाली, “तुम्ही तर बोललात सहा महिने घ्यायच्या.”

ताईला राग आला होता खरा, पण ती ओट्यावर बसली, चहा घेतला, मग नातवाला म्हणाली, वाच रे पुढचं, एक्सेप्टच्या पुढे काय आहे? तो अडखळत वाचत गेला. डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय घेतलं तर धोकादायक, असं होतं ते, अर्धं वाक्य त्याने गाळलं होतं, पेपरात मार्क कापले असते ना.

“म्हणजे दुकानातून मनाने आणून खायच्या नाहीत. ह्या तर डॉक्टरनेच दिल्यात, बाबांचं वजन बघून.”

बाबा इतका वेळ गप्प होते, खोकत बोलले, “मग काल लघवी लाल झाली ती?”

“ती ह्या गोळीनेच होते बाबा, नारंगी-लाल, घाबरायचं नाही. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात तर लगेच मला फोन.”

“हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना पोरी!” बाबांनी हात पुढे केला. “आण पाणी.”