मळ्यावरच्या पोकरचे नियम

मंडळी, हा कागद पत्त्यांच्या डब्यातच राहील. मागच्या भरीत पार्टीला पऱ्हाट्यांवर वांग्यांचा कोळसा झाला, कारण आपण सगळे एका छक्कीवरून भांडत बसलो होतो. यंदा भांडण झालं तर कागद काढायचा. पैसे नाहीत, चिंचोकेच. प्रत्येकाला शंभर. जोकर डब्यात.

आधी एक गोष्ट पाठ करा: हात पाच पानांचा. आपली दोन आणि मधली पाच मिळून सात पानं होतात, त्यांतली सगळ्यात भारी पाच धरायची. हातातली दोन्ही धरा, एक धरा, नाहीतर एकही धरू नका. सहावं पान एक्का असला तरी त्याला काडीची किंमत नाही. निम्मी भांडणं इथंच मिटतात.

आता वरून खाली. सगळ्यात वर रॉयल फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी. त्याखाली स्ट्रेट फ्लश, एकाच रंगाची सलग पाच. मग चार सारखी. मग फुल हाऊस, म्हणजे तीन सारखी आणि एक जोडी. मग फ्लश, म्हणजे पाचही पानं एका रंगाची. मग स्ट्रेट, सलग पाच, रंग कुठलेही. त्यानंतर तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर मोठं पान.

तीन पत्तीवाल्यांनी इथं थांबा. आपल्याकडे सिक्वेन्स कलरच्या वर, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. यात कुणाची लबाडी नाही, मोजून बघा. तीन पानांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पानांत कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००. जे कमी वेळा येतं ते भारी. ट्रेल लागला म्हणून मांडी थोपटायची नाही. इथं तो फ्लशच्याही खाली आणि स्ट्रेटच्याही खाली. शिवाय एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सगळ्यात लहान स्ट्रेट. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री असं फिरवून चालत नाही. इस्पिक मोठं की बदाम, हा वादही इथं नाही. चारही रंग सारखे.

दोघांचा हात एकाच जातीचा निघाला तर आधी मुख्य पानं बघायची. फुल हाऊसमध्ये तिघं आधी: तीन सत्त्या आणि दोन दुर्र्या या तीन छक्क्या आणि दोन एक्क्यांना मारतात. दोन जोड्यांत वरची जोडी आधी, मग खालची. स्ट्रेटमध्ये वरचं टोक. फ्लशमध्ये वरून एकेक पान. मुख्य पानं सारखी असतील तर उरलेली जागा भरणारी पानं, म्हणजे किकर, मोठ्यापासून ताडायची.

मध्ये राजा, नव्वी, छक्की, चौकी, दुर्री. तुमच्याकडे राजा-राणी, समोर राजा-गुलाम. जोडी दोघांची राजाचीच, पण तुमची राणी त्याच्या गुलामाला खाते. डाव तुमचा.

आता मागच्या वर्षीचं भांडण. मध्ये एक्का, राजा, राणी, दश्शी, चौकी. एकाकडे एक्का-नव्वी, दुसऱ्याकडे एक्का-छक्की, फ्लश कुणाचाच नाही. नव्वीवाला रात्रभर म्हणत होता, "भो, माझी नव्वी मोठी!" मोठी आहे, पण पाच पानं आधीच भरली: दोन एक्के, राजा, राणी, दश्शी. नव्वी सहावी, छक्कीही सहावी. पॉट निम्मा-निम्मा.

याचाच मोठा भाऊ: मध्ये दोन अठ्ठ्या, दोन पंज्या आणि राजा. कुणाच्या हातात तिर्रीची जोडी असली तरी तिसऱ्या जोडीला जागा नसते. अठ्ठ्या, पंज्या, राजा हाच त्याचा हात. समोरच्याकडे गुलाम-दुर्री असेल तर त्याचाही तोच. वाटून घ्या. मात्र मध्ये चार राण्या आणि पंजी आली, तर पाचवं पान ठरवतं; हातात एक्का असेल तर पॉट उचला.

पाचही पानं सारखी ठरली तरच पॉट वाटायचा. बरोबरीतले जितके, तितके भाग. ३७ चिंचोके दोघांत वाटले की १८-१८, आणि उरलेला एक डीलरच्या डाव्या हाताला बसलेल्या बरोबरीतल्या पहिल्या गड्याला. तो अर्धा फोडायचा नाही. कुणी सगळे चिंचोके आधीच लावून बसला असेल तर त्याच्या वाट्याचा पॉट वेगळा आणि बाकीच्यांचा वेगळा. प्रत्येक पॉटचा निकालही वेगळा.

तोंडाने काय सांगितलं ते धरायचं नाही. पानं उघडी टाका, चटईवर जे दिसेल तोच हात.