सतराव्या कलमाचे दोन हजार शंभर

भांडुपचा तो वन बीएचके मृणाल आणि ओंकारने जून महिन्यात घेतला. भाडं बत्तीस हजार, मेंटेनन्ससकट. डिपॉझिट एक लाख, एजंटला एका महिन्याचं भाडं. रजिस्ट्रेशनसाठी एजंटचा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला होता. मृणालने लॉक-इन किती महिन्यांचं ते विचारलं, ओंकारने पाणी किती वाजता येतं ते. बाकीची पानं एजंटने "स्टँडर्ड फॉरमॅट आहे" म्हणत भराभर उलटली.

ऑक्टोबरच्या भाड्याच्या दिवशी घरमालक काकांचा व्हॉट्सअॅप आला : 'या महिन्यापासून 34,100. कलम 17 बघा.'

ओंकारने पीडीएफ उघडला. मेंटेनन्स भाड्यात समाविष्ट, पण सध्याच्या 3,800 रुपयांपर्यंतच. सोसायटीने वाढ केल्यास फरक लायसन्सीने द्यायचा.

"मेंटेनन्ससकट म्हणाला होता ना तो एजंट?"

"म्हणाला होता. लिहिलं हे आहे," मृणाल म्हणाली. "काकांकडून बिल मागव. जुनं आणि नवं, दोन्ही."

ओंकारला मागायला लाजच वाटत होती. मालकाकडे हिशेब मागायचा म्हणजे घर सोडायची तयारी, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. शेवटी मेसेज तिनेच टाकला.

बिलं आली. सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत मंजूर झालेली वाढ : वॉचमन, लिफ्ट, सफाई मिळून सर्व्हिस चार्जेस 700. त्याच्या दहा टक्के नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे 70. आणि दुरुस्ती निधी 1,330.

तिने काकांना फोन लावला. "काका, लिफ्ट-वॉचमन आम्ही वापरतो, ते देऊ. दुरुस्ती निधी इमारतीचा आहे, तो आम्ही का भरायचा?"

"अगं, प्लॅस्टर झालं तर गळणं तुमचंच थांबणार ना?"

"काम व्हायच्या आत आमचे अकरा महिने संपतील, काका. आणि फ्लॅट तुमच्याच नावावर राहणार."

पलीकडे टीव्ही चालू होता. काकांनी बायकोला काहीतरी विचारलं, मग म्हणाले, "कलमात सगळी वाढ आहे."

"कलमात मेंटेनन्स आहे. निधी बिलात वेगळ्या ओळीत दाखवलाय."

"नॉन-ऑक्युपन्सी तरी द्याल? तुम्ही राहता म्हणूनच मला ते लागतं."

ओंकार शेजारून नको-नको अशी मान हलवत होता. सत्तर रुपयांसाठी तिने ताणलं नाही. "देते. पण 770 ठरले असं मेसेजवर लिहून पाठवा."

संध्याकाळी मेसेज आला : 'ओके 770. भिंतीला खिळे ठोकू नका, कलम 21.'

ओंकारने हॉलमधल्या घड्याळाकडे पाहिलं. "ते कधी लावलंस?"

"तूच लावलंस," मृणाल म्हणाली. "जूनमध्ये."