आबांचं घड्याळ

यावलच्या मळ्यात आबा रोज सकाळी घड्याळाला चावी देत.

"आबा, आज मी देते!" सोनू म्हणाली.

"दे. चिमटीत धर, हळूहळू फिरव."

कर्र, कर्र... सोनूने घाईने जोर लावला.

"थांब गं बाई! आत पातळ पट्टीची स्प्रिंग असते. घट्ट लागलं की थांबायचं. आणखी पिळलं तर तुटते."

सोनू मोजत फिरवू लागली. पंचविसाव्याला चावी घट्ट लागली. तिने लगेच हात काढला. टिकटिक सुरू!

"आबा, वांगी भाजली?"

"मोठा काटा तीनवरून सहावर येऊ दे. आत्ता काढली तर मधे कच्ची राहतील."

काटा हलतच नव्हता! सोनू बघत राहिली. चार... पाच... कपाशीच्या काड्यांवर वांग्यांची साल तडतडली.

"सहा!" सोनू ओरडली. "आबा, आता भरीत!"